उदबत्तीचा धूर, अत्तराचा वास आणि दम्याची नोंदवही

उदबत्ती विकत घेताना आजवर ग्राहक दोनच गोष्टी पाहत आला: वास आणि किंमत. आता त्यात तिसऱ्या गोष्टीची भर पडली आहे. भारतीय मानक ब्युरोने उदबत्तीसाठी ‘आयएस १९४१२ : २०२५’ हे स्वतंत्र मानक तयार केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या निमित्ताने ते प्रसिद्ध झाले. अॅलेथ्रिन, परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फिप्रोनिल ही कीटकनाशके आणि बेन्झिल सायनाइड, इथाइल अॅक्रिलेट, डायफेनिलअमाइन यांसारखी सुगंधनिर्मितीतली काही रसायने उदबत्तीत वापरू नयेत, असे हे मानक सांगते. त्यात बसणाऱ्या उत्पादनाला ब्युरोचे चिन्ह मिळू शकते.

घरोघरी रोज जळणाऱ्या वस्तूत काय असू नये, हे कागदावर आले ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे, तिथे या बातमीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. मानकामुळे उदबत्तीतले काही घातक घटक वगळले जातील, पण उदबत्तीचे जळणे काही थांबणार नाही. आणि दमेकऱ्याला त्रास देणारी मुख्य गोष्ट जळण्यातूनच निर्माण होते. चिन्ह असलेली उदबत्ती म्हणजे दम्यासाठी निर्धोक उदबत्ती, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल.

मग प्रश्न उरतो तो असा, की अमुक एका रुग्णाला नेमका कशाचा त्रास होतो? देवघरातल्या धुपाचा, कार्यालयात शेजारी बसणाऱ्याच्या बॉडी स्प्रेचा, रात्री लावलेल्या डासांच्या कॉइलचा, की यांपैकी कशाचाच नाही? याचे उत्तर पुड्यावरच्या चिन्हात सापडत नाही, आणि रक्ताच्या तपासणीतही बहुतेक वेळा सापडत नाही. ते सापडते रुग्णाने स्वतः ठेवलेल्या नोंदींत. मात्र त्या नोंदी ठेवण्याचीही एक पद्धत आहे.

धूर आणि सुगंध : दोन वेगळे त्रास

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळ सूज असते. सुजलेली नलिका हळवी होते. निरोगी माणसाला जाणवणारही नाही अशा उत्तेजनाने तिच्या भोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट स्राव वाढतो, वाट अरुंद होते आणि श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येतो. असे उत्तेजन देणाऱ्या गोष्टीला डॉक्टर ‘ट्रिगर’ म्हणतात. धूळ, घरातले सूक्ष्म धूलिकिडे, बुरशी, सर्दीचे विषाणू, थंड हवा, फोडणीचा ठसका ही त्यातली ओळखीची नावे.

उदबत्ती, धूप, लोबान यांचा त्रास दुहेरी असतो. पहिला भाग सूक्ष्म कणांचा. उदबत्ती ज्वाला न होता धुमसत जळते, आणि असे अर्धवट ज्वलन कण फार निर्माण करते. प्रयोगशाळेतल्या मोजमापांत एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम कण बाहेर पडल्याचे आढळले आहे; सिगारेटसाठी हाच आकडा सुमारे १० मिलिग्रॅम आहे. याचा अर्थ उदबत्ती लावणे म्हणजे सिगारेट ओढणे असा नाही, कारण सिगारेटचा धूर थेट फुप्फुसात ओढला जातो आणि उदबत्तीचा खोलीभर पसरून विरळ होतो. पण खोली लहान असेल आणि खिडक्या बंद असतील तर तो विरळ होत नाही. हे कण इतके बारीक असतात की नाकात अडकत नाहीत, थेट खोल श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात. दुसरा भाग वायूंचा. याच धुरात कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, फॉर्मल्डिहाइड, बेंझिन असे पदार्थ असतात आणि तेही अस्तराला चुरचुरवतात.

‘कमी धुराची’ किंवा ‘शंभर टक्के नैसर्गिक’ उदबत्ती घेतली की प्रश्न सुटला, हा समज म्हणूनच फसवा आहे. डोळ्यांना दिसणारा धूर कमी असला तरी सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. आणि चंदनाचा भुसा नैसर्गिक असला तरी धुमसताना तोही कणच सोडतो.

अत्तर, परफ्यूम, रूम फ्रेशनर, गाडीत टांगलेली सुगंधी कुपी यांची गोष्ट वेगळी आहे. इथे धूर नसतो. हवेत सहज उडणारी सुगंधी रसायने असतात. नाक, घसा आणि श्वासनलिका यांच्या अस्तरात संवेदी मज्जातंतूंची टोके असतात. ती अशा रसायनांनी चेतवली गेली की शिंका, घशात खवखव, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे काही मिनिटांतच सुरू होतात. ही बहुधा खरी अॅलर्जी नसते. म्हणजे शरीर या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करत नाही. अस्तर फक्त चिडते. त्यामुळेच त्वचेवर टोचून केलेल्या किंवा रक्ताच्या अॅलर्जी तपासणीत ‘परफ्यूम’ बहुतेक सापडत नाही. अहवाल कोरा आला म्हणून रुग्णाचा त्रास खोटा ठरत नाही, आणि त्याच अहवालावरून सुगंधाला दोषी ठरवताही येत नाही.

यात आणखी एक गुंता आहे. सुगंधाने होणारा प्रत्येक त्रास दम्याचाच असतो असे नाही. काहींच्या बाबतीत श्वासनलिका आवळतच नाहीत. वास आल्याबरोबर घशातल्या स्वरतंतूंची फट आकुंचन पावते. त्रास श्वास घेताना जास्त होतो, आवाज घशातून येतो, आणि दम्याचा पंप घेऊनही फारसा फरक पडत नाही. लक्षणे दम्यासारखी, पण उपचार पूर्ण वेगळे. हे दोन त्रास घरच्या घरी वेगळे करायचे, तर लक्षणांसोबत श्वासाचे मोजमापही करावे लागते.

नाकाची साक्ष पुरेशी का नाही

वासाची एक खोड आहे: तो लगेच लक्षात येतो. धूलिकिड्यांना वास नसतो, बुरशीच्या बीजाणूंना फारसा नसतो, नुकत्याच झालेल्या सर्दीलाही नसतो. त्यामुळे त्रास झाला की संशय पहिल्यांदा वासावर जातो. प्रत्यक्षात अॅलर्जीकारक पदार्थाचा परिणाम दोन टप्प्यांत होऊ शकतो. पहिला झटका संपर्कानंतर साधारण १० ते २० मिनिटांत येतो, तर दुसरा चार ते आठ तासांनी. दुपारी माळ्यावरची धूळ झटकली आणि संध्याकाळी आरतीच्या वेळी दम लागला, तर दोष उदबत्तीच्या माथी जातो.

मनातली खात्रीही यात भूमिका बजावते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग इथे बोलका आहे. दम्याच्या १७ रुग्णांना १५ मिनिटे गुलाबासारखा वास असलेल्या एकाच रसायनाच्या सान्निध्यात ठेवले. काहींना सांगितले की या वासाने दम्याचा थोडा त्रास होऊ शकतो. इतरांना सांगितले की हा वास उपचारासारखा गुणकारी आहे. वास तोच, मात्राही तीच. तरीही ज्यांना धोक्याची सूचना दिली होती त्यांना तो अधिक चुरचुरणारा वाटला. एवढेच नव्हे, त्यांच्या श्वासातून मोजलेली श्वासनलिकांच्या सुजेची खूणही वाढली आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढलेलीच राहिली. गुणकारी म्हणून सांगितलेल्यांत ती वाढली नाही.

प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठे मनोरे बांधू नयेत. ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असा अर्थ तर मुळीच काढू नये, कारण सूज मोजमापात दिसली होती. धडा एवढाच, की अपेक्षेचा परिणाम शरीरावर होतो आणि म्हणून केवळ आठवणीच्या भरवशावर ट्रिगर ठरवू नये. त्रास झाल्यावर कारण शोधणारी नोंद आधीच ठरलेल्या संशयाला पुष्टी देत राहते. उपयोगी नोंद ती, जी त्रास होवो न होवो, रोज आणि ठरलेल्या वेळी केली जाते.

नोंदवहीत काय लिहावे

साधी दोनशे पानी वही पुरते. दोन ते चार आठवडे नेमाने लिहिले तर डॉक्टरांना त्यातून बरेच काही वाचता येते. रोजच्या पानावर पुढील गोष्टी असाव्यात.

पहिली, लक्षणे आणि त्यांची वेळ. ‘दिवसभर त्रास’ असे न लिहिता ‘रात्री ८.४० ला खोकला, ९ वाजता छातीत शिटी’ असे लिहावे. रात्री झोपमोड झाली का, हे सकाळी न विसरता नोंदवावे. दुसरी, तात्काळ आराम देणारा पंप किती वेळा घेतला आणि किती वेळात बरे वाटले. तिसरी, रोजचे सूज कमी करणारे औषध घेतले की राहिले. ही नोंद लिहायला लाज वाटते, पण अनेकदा सगळ्यात महत्त्वाची हीच ठरते. चौथी, संपर्क: त्या दिवशी धूप, उदबत्ती, कापूर, कॉइल, परफ्यूम, फिनेल, झाडलोट, फोडणी यांपैकी काय होते, किती वेळ, आणि खोली उघडी होती की बंद. त्रास झाला नसेल त्या दिवशीही हा रकाना भरायचा. तुलना त्याशिवाय होत नाही. पाचवी, सर्दी-ताप, मासिक पाळी, पाऊस किंवा थंडी, प्रवास, जड व्यायाम यांसारखी इतर कारणे.

सहावी नोंद आकड्याची. पीक फ्लो मीटर नावाची प्लॅस्टिकची छोटी नळी औषधाच्या मोठ्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. श्वास किती वेगाने बाहेर फेकता येतो, हे ती दर मिनिटाला किती लिटर या मापात दाखवते. उभे राहून काटा शून्यावर आणायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एका दमात जोरात फुंकायचे. असे तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सरासरी काढायची नाही. सकाळी उठल्यावर आणि रात्री, पंप घेण्याआधी, रोज त्याच मीटरवर. संशयास्पद संपर्क झाला तर अर्ध्या तासात एक जादा आकडा घ्यावा. जोर कमी लावला तर आकडा खोटा कमी येतो, म्हणून पहिल्यांदा डॉक्टरांसमोर फुंकून दाखवणे चांगले. तीन फुंकरींचे आकडे एकमेकांपासून फार दूर असतील तर पद्धत चुकते आहे असे समजावे.

तब्येत उत्तम असताना आलेला सर्वांत मोठा आकडा हा त्या व्यक्तीचा ‘स्वतःचा उच्चांक’. त्याच्या ८० टक्क्यांवर असेल तर ठीक, ५० ते ८० टक्क्यांत असेल तर सावधान, ५० टक्क्यांखाली गेला तर तातडीची मदत, असा ढोबळ हिशेब डॉक्टर वापरतात. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. वय, उंची आणि लिंगानुसार तो बदलतो.

एक वही उलगडताना

हे सारे प्रत्यक्षात कसे चालते, ते एका प्रातिनिधिक उदाहरणातून पाहता येईल. पुण्यात राहणारी, कार्यालयात बैठे काम करणारी ४४ वर्षांची महिला. दम्याचे निदान जुने, पण गेल्या काही महिन्यांत खोकला वाढलेला. तिची खात्री होती की दोष शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या परफ्यूमचा आहे. तो आला की घसा खवखवतो, डोके जड होते. जागा बदलून मागावी का, हे विचारायला ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी दोन आठवडे वही लिहायला सांगितली. तिचा स्वतःचा उच्चांक होता ४००. पहिल्या आठवड्यातली काही पाने अशी:

सोमवार : सकाळी ३७५. कार्यालयात परफ्यूम, घसा खवखवला. अर्ध्या तासाने ३८५. संध्याकाळी कॉइल लावली, खिडक्या बंद. रात्री ३९०. पंप नाही.

मंगळवार : सकाळी ३७५. परफ्यूम, शिंका, अर्ध्या तासाने ३८०. संध्याकाळी ७ ला आरती, सासूबाईंनी धूप घातला, डासांमुळे खिडक्या बंद, कॉइलही. रात्री ९ ला ३००, खोकला, शिटी. पंप दोनदा. रोजचे औषध राहिले.

बुधवार : पहाटे ३ ला खोकल्याने जाग. सकाळी ३४०. परफ्यूम, घसा खवखवला. अर्ध्या तासाने ३४५. रात्री ३८०.

शुक्रवारी पुन्हा मंगळवारसारखेच घडले आणि शनिवारी सकाळी पुन्हा ३४०. गुरुवार आणि रविवार सोमवारसारखे गेले. दुसऱ्या आठवड्याची पानेही याच चालीची निघाली.

आता या पानांवर काय दिसते? परफ्यूमच्या संपर्कानंतर लक्षणे होती, पण आकडा सकाळपेक्षा घसरला नाही. म्हणजे नाक आणि घसा चिडत होते, श्वासनलिका आवळत नव्हत्या. त्रास खरा, पण तो दम्याचा झटका नव्हे. कॉइल रोज संध्याकाळी जळत होती आणि खिडक्याही रोज बंद होत्या, तरी सोमवारी रात्री आकडा ३९० होता. म्हणून केवळ कॉइलने किंवा केवळ बंद खिडकीने ही घसरण होत नव्हती. घसरण फक्त धुपाच्या दिवशी झाली: ३०० म्हणजे तिच्या उच्चांकाच्या ७५ टक्के, सावधानतेचा पट्टा. आणि परिणाम रात्रभर टिकून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोहोचला.

डॉक्टरांनी आणखी एक हिशेब केला. दिवसातल्या दोन आकड्यांमधला फरक, भागिले त्या दोघांची सरासरी. सोमवारी १५ भागिले ३८२.५, म्हणजे सुमारे ४ टक्के. मंगळवारी ७५ भागिले ३३७.५, म्हणजे २२ टक्के. बुधवारी ४० भागिले ३६०, म्हणजे ११ टक्के. आठवड्यात चार टक्क्यांचे तीन दिवस, बावीसचे दोन आणि अकराचे दोन. सरासरी ११ टक्के. प्रौढांत ही साप्ताहिक सरासरी १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर श्वासनलिका प्रमाणाबाहेर चंचल आहेत असे मानतात. मुलांत ही मर्यादा १३ टक्के आहे. म्हणजे दमा आटोक्यात नव्हता.

पण वहीतली सर्वांत मोलाची ओळ वेगळीच निघाली. रोजचा सूज कमी करणारा पंप १४ पैकी ५ दिवस राहिला होता. ‘बरे वाटत होते म्हणून घेतला नाही,’ हे त्याचे कारण. नेहमीची सूज औषधाने दबलेली नसली की लहानसा ट्रिगरही मोठा ठरतो. धूप हे निमित्त होते. त्याला बळ मिळत होते ते औषध चुकवण्याने.

पुढचे दोन आठवडे डॉक्टरांनी एकच बदल करायला सांगितला: औषध रोज, न चुकता. धूप तसाच चालू. धुपाच्या रात्रीचा आकडा ३०० ऐवजी ३४० ते ३५० वर राहिला. सुधारणा झाली, पण घसरण पूर्ण थांबली नाही. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत धूप बंद केला. आरती तीच, निरांजन तेच, फक्त धुपाऐवजी ताजी फुले. रात्रीचे आकडे ३८० ते ३९५ वर स्थिर झाले, पहाटेचा खोकला गेला. दोन बदल एकाच दिवशी केले असते, तर कोणत्या बदलाने काय साधले हे कधीच कळले नसते. सहकाऱ्याचा परफ्यूम मात्र या सगळ्या काळात होता तसाच होता. त्याच्यासाठी जागा बदलण्याऐवजी घशाची आणि नाकाची स्वतंत्र तपासणी करायचे ठरले.

धूप बंद करायचा की दमा सांभाळायचा?

या उदाहरणात परफ्यूम सुटला आणि धूप सापडला. दुसऱ्या घरात याच्या नेमके उलट होऊ शकते. म्हणूनच सर्वांना लागू पडेल अशी वर्ज्य वस्तूंची यादी फार उपयोगी पडत नाही. ज्याने आकडा घसरतो ते टाळायचे; ज्याने घसरत नाही त्याच्या भीतीने आयुष्य आखडून घ्यायचे नाही.

टाळायचे कसे, यातही पायऱ्या आहेत. घरातल्या ज्येष्ठांना ‘उदबत्ती लावू नका’ सांगितले की वाद होतो. वहीतले दोन आकडे, धुपाआधीचा आणि नंतरचा, शेजारीशेजारी दाखवले की बोलणे सोपे होते. पूर्ण बंद करणे शक्य नसेल तर मर्यादित काळ, खिडकी उघडी ठेवून, रुग्ण दुसऱ्या खोलीत असताना, हा मधला मार्ग आहे. मात्र तो पुरतो की नाही, हेही पुन्हा आकड्यांनीच ठरवायचे. धुराचे कण खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. आरती संपली, वास गेला, म्हणजे हवा निवळली असे नव्हे. उदबत्तीऐवजी विजेवर चालणारे सुगंधी उपकरण लावले तर धूर टळतो, पण सुगंधी रसायने हवेत येतच राहतात. ज्याला सुगंधाचाच त्रास आहे त्याला त्याचा उपयोग नाही. साबण, पावडर, डिटर्जंट घेताना ‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रेगरन्स फ्री’ या शब्दांतला फरक पाहावा. पहिल्यात मूळ वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते.

कार्यालय किंवा कारखान्यातल्या हवेवर संशय असेल, तर सकाळ-रात्रीचे दोन आकडे पुरत नाहीत. ब्यूटी पार्लर, अत्तराचे दुकान, उदबत्ती वळण्याचे काम अशा ठिकाणी राबणाऱ्यांनी दिवसातून किमान चार वेळा, कामाच्या आणि सुट्टीच्या अशा दोन्ही दिवशी, तीन-चार आठवडे नोंद ठेवावी. सुट्टीत आकडा सुधारतो आणि कामावर परतल्यावर पुन्हा घसरतो, असा नमुना दिसला तर तो व्यवसायजन्य दम्याचा इशारा असतो आणि डॉक्टरांना तो लवकर कळणे गरजेचे असते.

औषधांच्या बाबतीत एक जुनी सवय मोडण्याची गरज आहे. दम लागला की निळा पंप, बरे वाटले की काहीच नाही, अशा पद्धतीने अनेक जण वर्षानुवर्षे चालवतात. निळ्या पंपातले साल्ब्युटामॉल स्नायू सैल करते, सूज कमी करत नाही. दम्यासाठीच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक उपक्रमाने २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांसाठी केवळ या पंपावर भागवण्याची शिफारस थांबवली आहे. सूज कमी करणारे श्वासावाटेचे स्टिरॉइड उपचारात असायलाच हवे, असे ती सांगते. आरतीला बसण्याआधी निळा पंप ओढायचा आणि धूप सुरू ठेवायचा, हा ट्रिगरवरचा उपाय नव्हे.

डॉक्टरांकडे जाताना सगळी वही वाचून दाखवायची गरज नसते. चार प्रश्नांची उत्तरे आधीच काढून न्यावीत. गेल्या चार आठवड्यांत दिवसाची लक्षणे आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा आली का? रात्री दम्याने जाग आली का? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे एखादे काम टाळावे लागले का? एकाही प्रश्नाला ‘होय’ नसेल तर दमा आटोक्यात आहे. एक-दोन ‘होय’ असतील तर अर्धवट आटोक्यात, तीन-चार असतील तर आटोक्याबाहेर. त्यासोबत संशयित ट्रिगरचे दोन-तीन दिवस आणि तुलनेसाठी तसेच, पण ट्रिगर नसलेले दोन-तीन दिवस खूण करून न्यावेत. पाच मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना एवढे पुरते.

वही लिहीत बसण्याची वेळ नसते तेव्हा काय, हेही माहीत असावे. एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ किंवा नखे निळसर पडतात, पंप घेऊनही आराम पडत नाही किंवा तो पुन्हा पुन्हा लागतो, आकडा उच्चांकाच्या निम्म्याखाली जातो, अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. छातीतली शिटी अचानक थांबली आणि रुग्ण मात्र थकत चालला, तर ती सुधारणा नसून हवा जवळपास आत-बाहेर होत नसल्याची खूण असते.

गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी या ओळीत धूप, अत्तर, उटणे, साफसफाईची धूळ आणि फटाक्यांचा धूर एकापाठोपाठ येतात, आणि कशाने काय झाले हे सांगणे सर्वांत अवघड होते. ज्यांना वही सुरू करायची आहे त्यांनी सणाच्या गर्दीची वाट पाहू नये. आधीचे साधे दोन आठवडे लिहून ठेवले, तर सणातला घसरलेला आकडा कशाशी ताडून पाहायचा हे ठाऊक असते.